वगळलेल्या अभ्यासांचा हिशोब

शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना अनेक रुग्णांना मळमळते, उलट्या होतात. १९९०च्या दशकात त्यावर ऑन्डान्सेट्रॉन या औषधाचा वापर वाढला आणि त्याच्या चाचण्यांचे निबंध जगभरातून प्रसिद्ध होऊ लागले. ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या मार्टिन ट्रामेर, जॉन रेनल्ड्स, अँड्र्यू मूर आणि हेन्री मॅक्वे यांनी हे निबंध शेजारी शेजारी ठेवून तपासले. काही रुग्ण एकाहून अधिक निबंधांत मोजले गेले आहेत, असे त्यांना आढळले. एकच चाचणी पुन्हा वेगळ्या नियतकालिकात छापलेली होती आणि ती तीच चाचणी आहे, हे वाचकाला कुठेही सांगितलेले नव्हते.

१९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी याचा परिणाम आकड्यांत मांडला. शिरेतून ४ मिलिग्रॅम औषध देऊन उलट्या आधीच टाळता येतात का, या प्रश्नावर २५ निबंध होते. प्रत्यक्षात चाचण्या १९च होत्या. त्यांतल्या तीन चाचण्या आणखी सहा निबंधांच्या रूपाने परत आल्या होत्या. अशा वेळी डॉक्टर एक साधा आकडा पाहतात. किती रुग्णांना औषध दिले म्हणजे एका रुग्णाची उलटी टळते? हा आकडा जितका लहान, तितके औषध चांगले. १९ चाचण्या एकेकदाच मोजल्या तर तो ६.४ येत होता. पंचवीसच्या पंचवीस निबंध मोजले तर ४.९. म्हणजे औषध होते त्यापेक्षा २३ टक्क्यांनी अधिक गुणकारी दिसत होते.

असे का झाले, तेही त्यांनी दाखवले. पुन्हा छापलेल्या तीन चाचण्यांत हा आकडा ३.९ होता आणि एकदाच छापलेल्या १६ चाचण्यांत ९.५. ज्या चाचण्यांत औषध उजवे ठरले होते, त्याच पुन्हा पुन्हा प्रसिद्ध झाल्या होत्या.

या प्रकरणात गणिताचे सूत्र कुठेच चुकलेले नाही. चूक सूत्रापर्यंत पोहोचण्याआधीची आहे: काय मोजायचे आणि ते किती वेळा मोजायचे, इथली. म्हणूनच आढावा लिहिणाऱ्याने अंतिम निष्कर्षाच्या आधी एक गोष्ट वाचकासमोर ठेवली पाहिजे. आपल्याला काय काय सापडले, त्यातले काय गळले, कुठे गळले, कशामुळे गळले आणि शेवटी हातात नेमके किती अभ्यास उरले, याचा पूर्ण हिशोब.

‘पद्धतशीर आढावा’, म्हणजे सिस्टेमॅटिक रिव्ह्यू, हा एका नेमक्या प्रश्नावरचे सगळे उपलब्ध अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी शोधून, पारखून, एकत्र मांडणारा अहवाल असतो. डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आणि सरकारी आरोग्य कार्यक्रम अशा आढाव्यांचा आधार घेतात. ते कसे लिहावेत याचे पहिले मोठे मानक क्वोरम या नावाने १९९९मध्ये आले. २००९मध्ये त्याची जागा प्रिझ्माने घेतली आणि प्रिझ्माची सुधारित आवृत्ती, ‘प्रिझ्मा २०२०’, मार्च २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २७ मुद्द्यांची यादी आणि एक प्रवाह-आकृती आहे. ही आकृती म्हणजे वरून खाली उतरणाऱ्या चौकटी. डावीकडे पुढे गेलेले, उजवीकडे बाजूला पडलेले, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा.

बहुतेक लेखक ही आकृती सगळ्यात शेवटी भरतात. नियतकालिकाने मागितली, म्हणून एक पान जोडले, इतकेच तिचे स्थान असते. मी असे मसुदे वाचते तेव्हा आधी ती आकृती उघडते आणि लेखकांना सांगते, की तिच्याभोवती सगळा अहवाल पुन्हा बांधा. तसे केल्याने काय घडते, ते एका उदाहरणाने सांगते. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही खऱ्या आढाव्याचे नाहीत. पण त्यातल्या चुका मात्र मसुद्यांत नेहमी दिसतात तशाच आहेत.

समजा, प्रश्न असा आहे: किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली, तर ती न घेणाऱ्या मुलींच्या तुलनेत त्यांचे हिमोग्लोबिन वाढते का? मसुद्यातला निकालांचा भाग असा सुरू होतो: ‘विविध डेटाबेसमधून दोन हजारांहून अधिक लेख मिळाले. त्यांतले अप्रस्तुत लेख वगळून २५ अभ्यास निवडण्यात आले. या अभ्यासांनुसार साप्ताहिक गोळीने हिमोग्लोबिन वाढते.’ पुढे २५ ओळींचा तक्ता आणि त्यानंतर १५ अभ्यासांचे एकत्रित गणित. वाचकाला तीन प्रश्न पडायला हवेत. दोन हजारांचे पंचवीस कसे झाले? ‘अप्रस्तुत’ कोणी ठरवले? आणि पंचविसाचे पंधरा कुठे झाले?

पुनर्रचनेची सुरुवात एकक ठरवण्यापासून होते. प्रिझ्मा २०२० इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. डेटाबेसमध्ये शोध घेतल्यावर पडद्यावर जे येते, म्हणजे शीर्षक, लेखकांची नावे आणि सारांश, ती ‘नोंद’. त्या नोंदीमागचा पूर्ण मजकूर, मग तो नियतकालिकातला निबंध असो, प्रबंध असो की परिषदेतला गोषवारा, तो ‘लेख’. आणि प्रत्यक्ष मुलींवर, एका ठिकाणी, एका काळात झालेले काम तो ‘अभ्यास’. एका लेखाच्या तीन डेटाबेसमध्ये तीन नोंदी असू शकतात. एका अभ्यासावर चार लेख निघू शकतात. आकृतीच्या वरच्या भागात नोंदी मोजायच्या, मध्ये लेख आणि अगदी तळाशी अभ्यास. मसुद्याने दोन हजार ‘लेख’ म्हटले त्या नोंदी होत्या. पंचवीस ‘अभ्यास’ म्हटले ते लेख होते.

आता हिशोब नव्याने लिहू. पबमेडमधून ८१२, एम्बेसमधून ९३४, कॉक्रेनच्या चाचण्यांच्या संग्रहातून ४०२ आणि चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीतून, म्हणजे सीटीआरआयमधून, ४६ नोंदी मिळाल्या. एकूण २,१९४. यांपैकी ६७१ दुबार निघाल्या. त्या चाळणीआधीच काढल्या. उरलेल्या १,५२३ नोंदींची शीर्षके आणि सारांश दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता वाचले आणि १,४३७ बाद केल्या. या टप्प्यावर प्रत्येक नोंदीचे कारण देण्याची अपेक्षा नसते. उंदरांवरचे प्रयोग, गरोदर स्त्रियांवरचे अभ्यास, संपादकीये असे बरेच काही त्यात असते आणि एकूण आकडा पुरतो. मात्र दोघांचे मतभेद झाले तर निवाडा कोणी केला, हे पद्धतीच्या भागात यायला हवे.

उरल्या ८६. त्यांचे पूर्ण लेख मिळवायला गेल्यावर पाच मिळाले नाहीत. प्रिझ्माच्या सुधारित आकृतीत यासाठी वेगळी चौकट आहे आणि तिची गरज इथेच कळते. जुन्या मसुद्यात हे पाच गुपचूप ‘अप्रस्तुत’मध्ये जिरले होते. न मिळालेला लेख आणि वाचून नाकारलेला लेख यांत मोठा फरक आहे. न मिळालेल्यांत काय आहे ते आपल्याला माहीत नसते आणि ते सांगणे वाचकाच्या हिताचे असते. आपल्याकडे असे लेख बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतले प्रबंध किंवा जिल्हा पातळीवरच्या नियतकालिकांचे जुने अंक असतात. शोधगंगेवर नसलेला प्रबंध मिळवायला लेखकाला पत्र लिहावे लागते. तसे लिहिले होते का, उत्तर आले का, हे एका वाक्यात सांगता येते.

मग ८१ लेख पूर्ण वाचले. त्यांपैकी ५८ वगळले आणि २३ ठेवले. ठेवलेल्या लेखांच्या संदर्भयादी धुंडाळून आणखी दोन लेख मिळाले. त्यांचा मार्ग आकृतीत उजवीकडच्या वेगळ्या स्तंभात दाखवायचा असतो, कारण ते डेटाबेसमधून आलेले नाहीत. हे झाले मसुद्यातले २५.

पूर्ण वाचून वगळलेल्या ५८ लेखांपाशी मात्र थांबावे लागते. इथे प्रत्येक कारणामागे आकडा हवा. अडचण अशी, की एकच लेख अनेक कारणांनी बाद होऊ शकतो: वय बसत नाही, तुलनेचा गट नाही, गोळी रोजची आहे. एकाने वय लिहिले आणि दुसऱ्याने गोळी लिहिली, तर बेरीज कधीच जुळणार नाही. म्हणून कारणांचा क्रम आधी ठरवून घ्यायचा आणि त्या क्रमात जे कारण पहिले लागू पडेल तेच नोंदवायचे. या नियमाने ५८ लेखांची विभागणी अशी झाली: तुलनेचा गट नाही २१; वयोगट वेगळा १४; गोळी रोजची १२; हिमोग्लोबिन नाही ७; फक्त आराखडा, निकाल अजून नाही ४. बेरीज ५८. जुळली.

बेरीज जुळली म्हणजे काम संपले, असे वाटू शकते. पण ‘हिमोग्लोबिन नाही’ या कारणाकडे पुन्हा पाहायला हवे. हिमोग्लोबिन मोजलेच नाही, की मोजले पण लेखात दिले नाही? पहिली गोष्ट नाकारण्याचे योग्य कारण असू शकते. दुसरी नव्हे. ज्या चाचणीत हिमोग्लोबिन मोजले गेले पण वाढ दिसली नाही, तिच्या लेखकांना तो आकडा गाळून ‘मुलींनी गोळ्या नियमित घेतल्या’ एवढेच छापण्याचा मोह होऊ शकतो. अशी चाचणी आपण ‘आकडा नाही’ म्हणून वगळली, तर निराशाजनक निकाल आढाव्याच्या दारातच गळतात आणि उरलेले सगळे अभ्यास एका सुरात बोलू लागतात. म्हणून अभ्यास मुळात आपल्या प्रश्नाचा असेल तर तो ठेवायचा, आकडा मिळाला नाही असे नोंदवायचे आणि लेखकांकडे तो मागायचा.

समजा, ते सात लेख पुन्हा उघडले. चारांत हिमोग्लोबिन मोजलेच नव्हते. तिघांत पद्धतीच्या भागात रक्ततपासणीचा उल्लेख होता, निकालांत मात्र आकडा नव्हता. हे तीन लेख आत आले. वगळलेले ५८ वरून ५५ झाले, डेटाबेसमधून ठेवलेले २३ वरून २६ झाले आणि संदर्भयादीतले दोन धरून एकूण लेख २८.

शेवटचे पाऊल लेखांवरून अभ्यासांवर येण्याचे, म्हणजे ट्रामेर यांनी ज्यावर बोट ठेवले तेच. एका अभ्यासाचे लेख ओळखायचे कसे? नोंदणी क्रमांक सगळ्यात भरवशाचा. सीटीआरआयचा तोच क्रमांक दोन लेखांत असेल तर प्रश्न मिटला. क्रमांक नसेल तर ठिकाण, महिने, प्रत्येक गटातल्या मुलींची संख्या आणि सुरुवातीचे सरासरी हिमोग्लोबिन शेजारी ठेवून पाहायचे. दोन लेखांत दोन्ही गटांची संख्या आणि सुरुवातीची सरासरी दशांशापर्यंत सारखी असेल, तर योगायोगाची शक्यता फार कमी. फक्त लेखकांच्या नावांवर विसंबून चालत नाही. एकाच अभ्यासाच्या दोन लेखांत एकही लेखक सामाईक नसल्याची उदाहरणे आहेत. शंका उरली तर लेखकांना विचारायचे आणि विचारल्याचे लिहायचे.

असे पाहिल्यावर मसुद्यातले २५ लेख १९ अभ्यासांचे निघाले. चौदांचा एकेक लेख, चार अभ्यासांचे दोन-दोन आणि एकाचे तीन. नव्याने आत आलेल्या तीन लेखांपैकी दोन स्वतंत्र अभ्यासांचे होते. तिसरा आधीच ठेवलेल्या एका अभ्यासाचा दुसरा लेख होता, त्यामुळे त्याने संख्या वाढवली नाही. शेवटी २८ लेख आणि २१ अभ्यास.

एकत्रित गणितात मात्र १५ अभ्यासच आहेत. उरलेल्या सहांपैकी दोघांचा हिमोग्लोबिनचा आकडा हाती नाही आणि चौघांनी सरासरी दिली पण आकड्यांचा पसारा दिला नाही, त्यामुळे त्यांना सूत्रात बसवता येत नाही. मसुद्यात पंचविसाचे पंधरा होत होते आणि दहा कुठे गेले ते कोणी सांगत नव्हते. आता २१ चे १५ होतात आणि सहांची नावे, कारणे वाचकासमोर आहेत. मसुद्यातले १५ आणि आताचे १५ आकड्याने सारखे आहेत, म्हणून निष्कर्षाची संख्या कदाचित हलणार नाही. पण तिच्यावर किती भार टाकावा, हे आता वाचक ठरवू शकतो. न दिलेले दोन निकाल निराशाजनक असतील तर वाढ कमी होईल, ही शक्यता चर्चेच्या भागात उघडपणे लिहिता येते.

हा हिशोब हातात आला की अहवालाची मांडणी आपोआप बदलते. निवडीचे निकष पद्धतीच्या भागात त्याच क्रमाने येतात, ज्या क्रमाने वगळण्याची कारणे मोजली. प्रत्येक डेटाबेससाठी वापरलेले शोधशब्द आणि शोधाची तारीख परिशिष्टात जसेच्या तसे येतात, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तोच शोध पुन्हा घेता येतो. निकालांचा पहिला परिच्छेद प्रवाहाचा असतो आणि औषधाच्या परिणामाबद्दल त्यात एक शब्दही नसतो. दुसरा परिच्छेद उंबरठ्यावरून परत गेलेल्यांचा. वाचकाला जे अभ्यास आत असायला हवेत असे वाटेल, त्यांची नावे आणि वगळण्याचे कारण देण्याचा प्रिझ्मात स्वतंत्र उपमुद्दा आहे, १६-ब. आपल्या उदाहरणात एखादी गाजलेली मोठी चाचणी रोजच्या गोळीची असेल तर ती का नाही, हे तिथे सांगायचे. त्यानंतर तक्ता, ज्यात एका अभ्यासाला एकच ओळ आणि त्याच ओळीत त्याचे सगळे लेख. मग प्रत्येक अभ्यास किती विश्वासार्ह आहे याची पारख आणि सगळ्यात शेवटी एकत्रित परिणाम.

पुनर्रचना करताना सगळ्यात जास्त अडते ते हरवलेल्या आकड्यांवर. दुबार नोंदी काढल्या, पण किती काढल्या ते लिहून ठेवले नाही. पूर्ण लेख वाचले, पण कारणे दोघांच्या वह्यांत निरनिराळी. अशा वेळी काही जण तळाच्या आकड्यावरून वर मोजत जातात आणि चौकटी जुळवून भरतात. असा हिशोब ओळखू येतो. कारणांच्या संख्या सरळसोट गोल असतात, ‘इतर कारणे’ या नावाखाली निम्मे लेख असतात, न मिळालेला लेख एकही नसतो. यावर उपाय एकच: शोध त्याच शब्दांनी पुन्हा घ्यायचा, नवी तारीख टाकायची आणि चाळणी पुन्हा करायची. शोधाचा मूळ निकाल फाइलमध्ये जपलेला असेल तर दुबार नोंदी पुन्हा मोजणे एका दुपारचे काम आहे. म्हणून पहिल्या दिवशीची, काहीही न काढलेली फाइल वेगळी ठेवावी, हे मी प्रत्येक गटाला सांगते.

सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचतात, तेव्हा सभासद प्रत्येक पावती पाहत नाहीत. पण बेरीज जुळते का आणि मोठी रक्कम कुठे गेली, हे कोणीही विचारू शकतो. आढाव्याच्या आकृतीबाबत सामान्य वाचकालाही हेच करता येते. प्रत्येक चौकटीतून उजवीकडची वजा करा. खालची येते का पाहा. वगळण्याच्या कारणांची बेरीज करा. मग सारांशातला अभ्यासांचा आकडा, आकृतीच्या तळाचा आकडा आणि तक्त्यातल्या ओळी ताडून पाहा. एकत्रित आलेखातल्या रेघा कमी असतील तर का, हे मजकुरात शोधा. वैद्यकाचे शिक्षण नसले तरी एवढे जमते आणि बहुतेक ढिसाळ आढावे इथेच उघडे पडतात.

या हिशोबाची एक मर्यादाही आहे. प्रिझ्मा हे कसे लिहावे याचे मानक आहे. काम चांगले झाले याची हमी ते देत नाही. शोधच अपुरा असेल, म्हणजे कोणी फक्त पबमेडमध्ये, फक्त इंग्रजीत शोधले असेल, तरी प्रत्येक चौकट बिनचूक भरता येते. जे अभ्यास कधी प्रसिद्धच झाले नाहीत, ते आकृतीच्या सर्वात वरच्या चौकटीतही नसतात. त्यांचा माग काढायचा तर चाचण्यांच्या नोंदवह्यांत जावे लागते आणि नोंद आहे पण निकाल नाही अशा चाचण्या मोजाव्या लागतात. आपल्या उदाहरणातले ते चार आराखडे म्हणून महत्त्वाचे. त्यांची नोंदणी कधीची, चाचणी संपायची तारीख उलटून किती वर्षे झाली, हे पाहिले पाहिजे. कालच सुरू झालेली चाचणी निर्धोक आहे. सात वर्षांपूर्वी संपायला हवी होती आणि तरी गप्प आहे, ती निष्कर्षाच्या भागात नाव घेऊन सांगण्याजोगी.

तर मसुद्याच्या सारांशातले वाक्य आता असे होते: ‘२,१९४ नोंदींतून आणि संदर्भयादींतून २८ लेखांत आलेले २१ अभ्यास मिळाले; त्यांपैकी १५ अभ्यासांचे एकत्रित गणित केले; सहांचे आकडे अपुरे होते; पाच लेख मिळू शकले नाहीत; चार चाचण्यांचे निकाल अजून बाहेर आलेले नाहीत.’ आधीच्या वाक्यापेक्षा हे लांब आहे आणि कमी दिमाखदार आहे. पण गोळी कोणाला, कशी द्यायची हे ठरवणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला आपण किती भक्कम पायावर उभे आहोत, हे यातूनच कळते. त्याला आपला निर्णय पुन्हा कधी तपासावा लागेल, तेही याच वाक्यात लिहिलेले आहे: त्या चारांचे निकाल येतील तेव्हा.